सकाळच्या पायवाटेवर समोरून माणूस आला की: मान, हसू आणि दोन शब्द

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पौड रस्त्याच्या बाजूने वर आलं की गिरिपुष्पाच्या झाडांमधून जाणारी एक सरळ, लांब पायवाट लागते. समोरून येणारा माणूस शंभर पावलांवरूनच दिसायला लागतो. आपण त्याला दिसलोय आणि तो आपल्याला, हे दोघांनाही कळलेलं असतं, पण एकमेकांजवळ पोचायला अजून जवळजवळ अर्धं मिनिट असतं. त्या अर्ध्या मिनिटात डोळे कुठे ठेवायचे, हसायचं तर कधी, आणि बोलायचं की नुसतीच मान हलवायची?

डॉक्टरांनी चालायला सांगितल्यापासून माझी धाकटी जाऊ माझ्याबरोबर टेकडीवर यायला लागली. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "ताई, इथे सगळे एकमेकांना ओळखतात. मी कुणाकडे बघू आणि कुणाकडे नको? समोरून कुणी आलं की मी चपलेकडेच बघते." मी तिला चालता चालता जे सांगत गेले, तेच इथे नीट लिहून काढते आहे. मी टेकडीवर रोज जाते आणि पावसाळ्यात पायवाटा निसरड्या झाल्या की घराजवळच्या बागेतल्या ट्रॅकवर फिरते, त्यामुळे या दोन्ही जागांचं सांगते. दोन्हीकडचे रिवाज बरेच वेगळे आहेत.

आधी अंतर सांभाळा

अभिवादन बिघडतं ते बहुतेक वेळा अंतरामुळे. बेताच्या वेगाने, म्हणजे ताशी 5 किलोमीटरने चालणारा माणूस सेकंदाला साधारण 1.4 मीटर पुढे जातो. दोघं एकमेकांकडे चालत असतील तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला 2.8 मीटरने कमी होतं. म्हणजे 30 मीटरवर नजर मिळाली तर समोरासमोर यायला जवळपास 11 सेकंद लागतात, आणि 10 मीटरवर मिळाली तर साडेतीन. अकरा सेकंद चेहऱ्यावर हसू धरून ठेवून बघा. पाचव्या सेकंदाला ते ताणलेलं दिसायला लागतं, आणि समोरच्यालाही कुठे बघावं हे कळेनासं होतं. साडेतीन सेकंद मात्र पुरेपूर असतात: बघणं, मान, एक शब्द, आणि पुढे.

म्हणून अनोळखी माणूस लांबून दिसला तर एकदा त्याच्याकडे बघून घ्या, मग नजर वाटेवर आणा. टेकडीवर ते सोपं आहे, कारण पायाखाली दगड आणि मुरूम असतोच आणि खाली बघणं कुणाला तुसडेपणाचं वाटत नाही. तो सात-आठ मीटरवर आला की मान वर करा, नजर मिळवा, मान किंचित झुकवा. तीन-चार मीटरवर आला की हसू किंवा शब्द, जे असेल ते. शेजारून जाताना पुन्हा नजर पुढे. सात-आठ मीटर म्हणजे किती, हे डोळ्यांना कळत नसेल तर एक खूण सांगते. समोरच्याच्या चपलेचा किंवा बुटाचा आवाज मुरमावर स्पष्ट ऐकू यायला लागला की मान वर करायची. जावेला ही खूण दोन दिवसांत जमली.

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने 1963 साली रस्त्यावरच्या अनोळखी माणसांबद्दल लिहिताना म्हटलं होतं की आठेक फुटांपर्यंत माणसं एकमेकांकडे बघतात, कोण कुठल्या बाजूने जाणार हे त्यातच ठरतं, आणि जवळून जाताना समोरून गाडी आल्यावर दिवे मंद करावेत तशी नजर खाली करतात. त्याने वर्णन केलं आहे ते शहरातल्या फुटपाथचं, जिथे अभिवादन होतच नाही. टेकडीवर त्या नजर खाली करण्याच्या अगदी आधी आपण मान झुकवण्याची भर घालतो. नजर खाली करणं मात्र इथेही हवंच. शेजारून जातानाही जो रोखून बघत राहतो, त्याचा नमस्कार कितीही चांगला असला तरी नकोसा होतो.

ओळखीचा माणूस लांबून दिसला आणि नजर मिळालीच, तर दोन टप्पे करा. लांबूनच हात वर करा. मग हात खाली, नजर वाटेवर किंवा झाडांवर, आणि जवळ आल्यावर दुसरं, छोटं अभिवादन: "काय, आज लवकर?" यात कृत्रिम काही नाही. अॅडम केंडन आणि अँड्र्यू फर्बर या दोन अभ्यासकांनी 1973 साली मेजवानीला आलेल्या लोकांचं चित्रीकरण बघून नेमका हाच क्रम नोंदवला होता: लांबून एक अभिवादन, मधल्या चालीत नजर बाजूला, आणि जवळ आल्यावर दुसरं. आपण सगळे नकळत हेच करतो. अडतं ते मधली नजर सोडवायला विसरल्यामुळे.

मान, हसू की शब्द

अगदी अनोळखी माणसाला पहिल्यांदा मान पुरते. मान खाली झुकवायची, वर उडवायची नाही. हा फरक आपल्याकडे फार मोठा आहे. हनुवटी वर आणि भुवया उडवलेल्या, याचा मराठी अर्थ "काय रे?" असा होतो. मित्राला ते चालतं, समवयस्काला चालतं, पण अनोळखी माणसाला तो जाब वाटतो आणि वयस्कर माणसाला उद्धटपणा. खाली झुकलेली मान, अगदी दोन बोटं झुकली तरी, नमस्कारच असते.

हसू दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपासून. तोंड उघडून हसायची गरज नसते, डोळ्यांच्या कडा हलल्या तरी पोचतं. फक्त उजेडाचा विचार करा. सकाळी पूर्वेकडे तोंड करून चालत असाल तर समोरून येणाऱ्याच्या पाठीमागे सूर्य असतो. तुम्हाला त्याची काळी आकृती दिसते आणि त्याला तुमचा चेहरा लख्ख दिसतो. तो हसलेला असतो आणि तुम्ही कोऱ्या चेहऱ्याने निघून जाता. उलट दिशेला चालताना हेच तुमच्या बाबतीत होतं: तुम्ही हसता आणि समोरचा डोळे बारीक करून काहीच उत्तर देत नाही. म्हणून सूर्य तुमच्या पाठीशी असेल तेव्हा हसण्यावर विसंबू नका, शब्द उच्चारा. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सहाला निघालेल्यांचं अर्ध्याहून अधिक चालणं अंधारात होतं. त्या काळात तर आवाजच खरा.

शब्द कोणता? "नमस्कार" सगळ्यांना चालतो आणि कधीच चुकत नाही. गावाकडून आलेले, विशेषतः वयस्कर लोक, "राम राम" म्हणतात, वारकरी असेल तर "राम कृष्ण हरी", कुणी "जय भीम" म्हणतं, कुणी "हरी ओम", कॉलेजची मुलं "गुड मॉर्निंग". समोरच्याने जे म्हटलं तेच परत म्हणावं असं मला वाटतं. "राम राम"ला "गुड मॉर्निंग" असं उत्तर दिलं की चूक काही होत नाही, पण देणाऱ्याचा हात रिकामा राहिल्यासारखा होतो. "शुभ सकाळ" मात्र मी टेकडीवर कुणाच्या तोंडून क्वचितच ऐकते. तो शब्द फोनवरच्या फुलांच्या चित्रांवर राहतो.

आणि संबोधन. पन्नाशीच्या आसपासच्या बाईला चाळिशीतल्या माणसाने "काकू" म्हटलं की तिचा चेहरा पडतो, हे मी जवळून अनुभवलं आहे. दोघांच्या वयात पंधरा-वीस वर्षांचं अंतर उघड दिसत असेल तरच काका, काकू, आजोबा म्हणा. शंका असेल तर नुसता "नमस्कार" म्हणा, पुढे काहीच जोडू नका.

दोन्ही हात जोडायचे का? सपाट ट्रॅकवर जरूर जोडा, वडीलधाऱ्यांना ते आवडतं. उतारावर नको. हात जोडून तीन-चार पावलं टाकताना तोल सावरायला हात मोकळे राहत नाहीत. काठी किंवा पाण्याची बाटली असेल तर उजवा हात छातीशी नेला की झालं.

चढणाऱ्याला उत्तर द्यायला लावू नका

टेकडीवरचा हा नियम मी सगळ्यात आधी शिकवते. पर्वतीच्या 103 पायऱ्यांवर रोज हे दिसतं: खाली उतरणारा ताजातवाना असतो, त्याला बोलायचं असतं. वर चढणाऱ्याचा श्वास पुरत नसतो. अशा वेळी "काय, कसं काय? बरेच दिवसांत दिसला नाहीत!" असं विचारलं की तो बिचारा थांबतो, धापा टाकत काहीतरी बोलतो आणि त्याची लय मोडते. थांबल्यावर पुन्हा चढायला सुरुवात करणं किती जड जातं हे गुडघे दुखणाऱ्याला विचारा.

म्हणून चढावर शब्द उतरणाऱ्याने उच्चारायचा, आणि तो उत्तर न मागणारा हवा. "नमस्कार" किंवा "सावकाश" एवढंच. चढणाऱ्याने मान हलवली की हिशेब पूर्ण. वाट अरुंद असेल तर उतरणाऱ्याने बाजूला होऊन उभं राहायचं, चढणाऱ्याला जाऊ द्यायचं. उभं राहण्यासाठी डोंगराची बाजू निवडा, दरीची नव्हे. तुम्ही असे उभे राहिलात की तेच निम्मं अभिवादन असतं, आणि चढणाऱ्याने जाताना "थँक्यू" पुटपुटलं तर तेवढं पुष्कळ.

माणूस किती दमला आहे ते ओळखायची साधी खूण अशी: त्याचं तोंड उघडं असेल आणि खांदे वर-खाली होत असतील तर त्याच्याकडून शब्दाची अपेक्षा नको. पळणाऱ्यांनाही हेच लागू. पळणाऱ्याला तळहात दाखवा, तोही दाखवेल.

मागून पुढे जाताना

समोरून येणाऱ्याचं सगळं दिसत असतं, मागून येणाऱ्याचं काहीच नाही. म्हणून मागून ओलांडताना अभिवादनाचं काम वेगळं आहे: आधी कळवणं, मग नमस्कार. अगदी जवळ जाऊन कानाशी "नमस्कार" म्हटलं की समोरची व्यक्ती दचकते. वयस्कर माणूस दचकून वळला तर तोल जाऊ शकतो, आणि पावसाळ्यात ओल्या मातीवर तर नक्कीच.

चार-पाच मीटर मागे असतानाच पाय जरा जोरात टाका किंवा मुरमावर घासू द्या. मग मोकळ्या आवाजात, "उजवीकडून जातेय हं." आपण डावीकडून चालतो, त्यामुळे ओलांडायचं उजवीकडून. बाजू सांगितली की समोरचा उगाच इकडे-तिकडे होत नाही. नुसतं "एक्स्क्यूज मी" म्हटलं तर तो गोंधळतो आणि दहापैकी पाच वेळा नेमका तुमच्याच बाजूला सरकतो. शेजारी पोचल्यावर नमस्कार, आणि तीन-चार मीटर पुढे जाईपर्यंत वेग कमी करू नका. ओलांडून लगेच समोर हळू चालायला लागणं, हे मागच्याला फार खुपतं. कानात इयरफोन असतील तर आवाज वाया जातो. तिथे जास्तीत जास्त लांबून वळसा घ्या आणि त्याच्या नजरेच्या टप्प्यात आल्यावर हात दाखवा.

बागेतल्या गोल ट्रॅकवर एकच माणूस सतरा वेळा

टेकडीवर एक माणूस एकदा भेटतो, फार तर परतताना दुसऱ्यांदा. बागेत तसं नाही. समजा ट्रॅक 400 मीटरचा आहे. तुम्ही घड्याळाच्या दिशेने चालताय आणि शेजारच्या इमारतीतले एक काका उलट दिशेने. दोघांचा वेग ताशी 5 किलोमीटर. तुम्ही साधारण दर 144 सेकंदांनी, म्हणजे सव्वादोन मिनिटांहून थोड्या जास्त वेळाने, समोरासमोर याल. चाळीस मिनिटांच्या फिरण्यात हे 16-17 वेळा होतं. जावेला पहिल्या पावसाळ्यात बाग नको वाटायची ती याच कारणाने. पहिल्या भेटीला नमस्कार झाला, दुसऱ्या भेटीला ती पुन्हा हसली, तिसऱ्याला काय करावं कळेना, आणि पाचव्या फेरीला तिने दिशा बदलली.

तिने आपसूक केलं तेच खरं तर उत्तम उत्तर आहे, फक्त ते सुरुवातीलाच करावं. बहुतेक लोक ज्या दिशेने चालतात त्या दिशेने चाला. मग तोच माणूस क्वचित भेटतो. तुमचा वेग ताशी 5 आणि काकांचा साडेचार असेल, तर एक पूर्ण फेरी मागे टाकून त्यांना पुन्हा गाठायला तुम्हाला 48 मिनिटं लागतील. म्हणजे एकदाच नमस्कार आणि झालं.

उलट दिशेनेच चालायचं असेल तर मी असं करते. पहिल्या भेटीला शब्द, दुसरीला मान. तिसरीपासून काहीच नाही, नजर दहा-बारा मीटर पुढे ट्रॅकवर. यात तुसडेपणा नाही, आणि समोरच्यालाही सुटका हवी असते. मधे कधी चुकून नजर मिळालीच तर बोटांनी फेरीचा आकडा दाखवा, चार किंवा पाच. त्याला उत्तर म्हणून तोही आकडा दाखवतो आणि दोघांचंही बरं चालतं. शेवटी बाहेर पडताना मात्र पुन्हा शब्द: "चला, निघते." न सांगता निघून गेलेला माणूस लक्षात राहतो, सांगून गेलेला सहज विसरला जातो, आणि रोजच्या ओळखीत हे दुसरं हलकं वाटतं.

पाच-सहा जणांचा घोळका पूर्ण रुंदीने येत असेल तर प्रत्येकाला नमस्कार करू नका. घोळक्याच्या मधोमध, कुणा एकाच्या डोळ्यांत न बघता, एकदा मान. उत्तर त्यांच्यातला कुणीतरी एक देतो, तो सगळ्यांच्या वतीने असतो.

उत्तर आलं नाही तर

टेकडीवर सत्तरीचे एक काका रोज सव्वासहाला भेटायचे. पांढरा शर्ट, हातात वेताची काठी, नजर पायांकडे. मी रोज नमस्कार म्हणायची, ते न बघता निघून जायचे. दोन आठवडे असं झालं. मला राग यायला लागला होता, आणि माझी मैत्रीण तर म्हणाली की त्यांना बायकांशी बोलायचं नसेल, सोडून दे.

एका सकाळी ते खाणीच्या वरच्या बाकावर बसलेले होते आणि मी त्यांच्या डाव्या बाजूने आले. नेहमीसारखंच "नमस्कार" म्हटलं. ते लगेच वळले, हसले, म्हणाले, "या, बसा. तुम्ही रोज येता ना?" गप्पांत कळलं की त्यांना उजव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपण दोघंही डावीकडून चालतो, म्हणजे समोरासमोर आल्यावर उजवा खांदा उजव्या खांद्याशेजारून जातो. माझा नमस्कार रोज अगदी शेजारून जाताना व्हायचा, म्हणजे त्यांच्या न ऐकू येणाऱ्या कानात. नजर पायांवर असल्यामुळे मान हललेली दिसायचीही नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी दोन गोष्टी बदलल्या. सात-आठ मीटरवर असताना, म्हणजे आवाज समोरून दोन्ही कानांवर जाईल अशा अंतरावर, नमस्कार म्हणायला लागले, आणि त्याच वेळी हात खांद्यापर्यंत वर करायला लागले, कारण खाली बघणाऱ्याच्या नजरेच्या कडेला हालचाल जाणवते, चेहऱ्यावरचं हसू जाणवत नाही. त्या दिवशी ते काठी किंचित उचलून "नमस्कार" म्हणाले. तेव्हापासून रोज म्हणतात.

तेव्हा उत्तर आलं नाही तर आधी पद्धत बदलून बघा: थोडं आधी, थोडं मोठ्याने, हात वर करून. वयस्कर माणसांत कान आणि मोतीबिंदू ही कारणं फार असतात, आणि कमी उजेडात मोतीबिंदूवाल्याला चेहरे ओळखू येत नाहीत. नाव माहीत असेल तर नावाने हाक मारा आणि आपलंही नाव सांगा. तीन-चार दिवस असं करूनही उत्तर नसेल तर थांबा. त्यानंतर फक्त वाट द्या, नजर पुढे ठेवा. मनात राग धरून जोरात नमस्कार घालणं, म्हणजे उत्तर वसूल करणं, हे करू नका. कुणाचं नुकतंच काही गेलं असेल, कुणी जप करत असेल, कुणाला दिवसातली हीच चाळीस मिनिटं एकटं राहायला मिळत असतील. ओठ हलताना दिसले, हातात माळ असली, डोळे मिटून प्राणायाम चालला असेल, तर पहिल्यापासूनच नमस्कार नको.

एकटी बाई आणि रिकामी वाट

हे पुरुषांसाठी लिहिते आहे, पण बायकांनीही वाचावं. पुण्याच्या टेकड्यांवर लूटमारीचे प्रकार घडलेले आहेत, आणि एकटी चालणारी प्रत्येक बाई ते मनात ठेवूनच चालते. रिकाम्या वाटेवर समोरून पुरुष आला की ती काही गोष्टी बघते: तो वाटेच्या मध्यावर आहे की कडेला सरकतोय, त्याची चाल हळू होतेय का, नजर कुठे आहे.

म्हणून आधी कडेला सरका, हे दहा मीटर आधी करा. चालीत बदल करू नका. मान एकदा, हसू नको, "नमस्कार" म्हटलात तरी चालेल, पण आवाज सरळ ठेवा. मग नजर वाटेवर. ओलांडून गेल्यावर मागे वळून बघू नका. रोज एकटीच, किती वाजता येता, कुठे राहता, हे प्रश्न ओळख पक्की होईपर्यंत विचारायचे नसतात, आणि पक्की झाली की नाही हे तिने ठरवायचं. मागून येत असाल आणि वाट एकाकी असेल तर ओलांडायची घाई नको. वाट रुंद होईपर्यंत अंतर ठेवा, किंवा लांबूनच "पुढे जातो हं" म्हणून झपाझप निघून जा. मागे मागे त्याच वेगाने चालत राहणं सगळ्यात वाईट.

बायकांना माझं सांगणं उलट बाजूने आहे. अशा वाटेवर नमस्कार आपण आधी म्हणावा, न थांबता, न हसता, समोर बघून. मला तू दिसलास आणि मी तुझा चेहरा पाहिला, एवढं त्यातून पोचतं. ओळखीचं कुणी समोरून आलं तर एक प्रश्न जरूर विचारावा: "पुढे कोणी आहे का?" "हो, तिघं मंदिरापाशी आहेत," एवढ्या उत्तराने पुढची वाट कशी चालायची ते ठरवता येतं. हा प्रश्न विचारणारी, किंवा विचारणारा, भित्रा ठरत नाही. मी रोज विचारते.

काय विचारू नये

आपल्याकडचे वाटेवरचे प्रश्न गमतीचे असतात, त्यांना उत्तर नको असतं. "झालं का?" "हो, झालंच." "निघालात?" "निघालो." समोर दिसतंय तेच विचारायचं, तेच सांगायचं, आणि कुणाचंही पाऊल थांबत नाही. वाटेवरच्या बोलण्याचं माप मी यावरूनच ठरवते: उत्तर तीन पावलांत देता आलं पाहिजे.

तीन पावलांत न मावणारे प्रश्न टाळावेत. तब्येत, मुलांची लग्नं, वजन कमी झालं का, ऑपरेशन कधी आहे. आणि एक प्रश्न मी स्वतः चुकीचा विचारला होता. एक जोडपं रोज बरोबर यायचं. एकदा काही आठवड्यांनी काका एकटेच दिसले. मी लांबूनच, आनंदाने, "आज काकू नाही आल्या?" म्हटलं. ते थांबले. काठीच्या मुठीवरची बोटं एकदा उघडून पुन्हा मिटली. "नाही हो, आता नाही येणार त्या," म्हणाले आणि चालायला लागले. मी काय बोलणार होते? वाटेच्या मधोमध, मागून दोघं पळत येत असताना?

त्या दिवसापासून "आज एकटेच?" आणि "त्या नाही आल्या?" हे दोन्ही प्रश्न मी सोडले. बऱ्याच दिवसांनी कुणी दिसलं तर एवढंच म्हणते: "बऱ्याच दिवसांनी भेटलात, बरं वाटलं." ज्याला सांगायचं असतं तो थांबून सांगतो, मग मीही वाट सोडून झाडाखाली उभी राहते आणि ऐकते, राहिलेली फेरी राहू देते. ज्याला सांगायचं नसतं तो "हो" म्हणून पुढे जातो.

ते काका त्यानंतर दोन आठवडे नुसती मान हलवून जायचे, मीही तेवढीच हलवायची. मग एकदा त्यांनीच आधी विचारलं, "काय ताई, झाला का राउंड?" मी म्हटलं, "झालाच, काका."